योगासनांची चटई व घरगुती व्यायामसाहित्य यांची स्वच्छता

योगासनांची चटई (योगा मॅट) आणि घरी व्यायामासाठी वापरली जाणारी डंबेल, रबरी पट्टे, बाक यांसारखी साधने यांवर साचलेला घाम, त्यातून निर्माण होणारी दुर्गंधी आणि रबर झिजल्याने उरणारा काळसर किंवा चिकट थर काढून टाकण्याच्या क्रियेचा या लेखात विचार केला आहे. ही स्वच्छता कशी करावी हे मळापेक्षा साधनाच्या द्रव्यावर अधिक अवलंबून असते. एका चटईला मानवणारे द्रावण दुसऱ्या चटईची पकड घालवते. तिरप्या स्थितीतील अधोमुख श्वानासनासारख्या आसनात पकड गेलेली चटई मळक्या चटईपेक्षा अधिक धोक्याची ठरते, कारण शरीराचा भार तळहातांवर असताना हात पुढे घसरल्यास मनगट किंवा खांदा दुखावू शकतो.

## दुर्गंधीचे कारण

तळहात, तळपाय व कपाळ येथून येणारा ताजा घाम बहुतांशी पाणी व मीठ असतो आणि त्याला जवळजवळ वास नसतो. वास निर्माण करतात ते त्वचेवरील जीवाणू. घामातील सेंद्रिय द्रव्ये, त्वचेचे तेल आणि गळून पडलेल्या मृत पेशी यांवर ते पोसले जातात व त्यातून उडून जाणारी आम्ले तयार होतात. पायमोज्यांना येणारा आंबूस वास प्रामुख्याने आयसोव्हॅलेरिक आम्लाचा असतो. चटईवर पाय ठेवण्याच्या जागी तोच वास येतो, यात नवल नाही.

जीवाणूंना वाढण्यासाठी ओलावा लागतो. त्यामुळे चटई किती घाम शोषते यापेक्षा ती किती वेळ ओली राहते हे महत्त्वाचे आहे. व्यायाम संपताच ओली चटई गुंडाळून पिशवीत घालणे हे दुर्गंधीचे सर्वांत मोठे कारण होय. पूर्वी आसनांसाठी सतरंजी किंवा घोंगडी वापरत. सतरंजी धुऊन दोरीवर टाकता येत असे, आणि घोंगडीही निदान झटकून उन्हात घातली जाई. रबराच्या चटईला यांतले काहीच चालत नाही.

नव्या रबरी चटईचा उग्र वास मात्र घामाचा नसतो. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक व इतर रसायने मिसळून ते तापवतात आणि त्यांचा वास काही आठवडे येत राहतो. हा वास धुण्याने फारसा कमी होत नाही. चटई सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवल्यास तो हळूहळू कमी होतो.

## चटईचे द्रव्य ओळखणे

बाजारातील चटया पीव्हीसी, टीपीई, नैसर्गिक रबर, पॉलियुरेथेनचा वरचा थर असलेले रबर, बूच किंवा ताग यांच्या असतात. स्वच्छतेच्या दृष्टीने मुख्य भेद दोनच आहेत. काही चटयांची छिद्रे बंद असतात आणि घाम त्यांच्या पृष्ठभागावरच राहतो. काहींची छिद्रे खुली असतात व त्या स्पंजाप्रमाणे घाम आत ओढून घेतात. साधारणपणे पीव्हीसी व टीपीई पहिल्या प्रकारात मोडतात. नैसर्गिक रबराच्या अनेक चटया आणि पॉलियुरेथेनचा थर असलेल्या चटया दुसऱ्या प्रकारात येतात.

द्रव्याचे नाव ठाऊक नसल्यास साधी परीक्षा करावी. चटईच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून दोन मिनिटे थांबावे. थेंब गोल राहिला तर छिद्रे बंद आहेत असे समजावे. तो पसरून जिरला व तेथे गडद डाग दिसू लागला तर चटई शोषणारी आहे. शोषणारी चटई बादलीत किंवा नळाखाली भिजवू नये. आत गेलेले पाणी बाहेर यायला अनेक दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात काढायला घेतलेला वास अधिकच वाढतो. धुलाई यंत्राच्या पिळण्याने तर तिचे तुकडे पडू शकतात.

## धुण्याची रीत : पावसाळ्यातील एक उदाहरण

जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात ही अडचण ठळकपणे जाणवते. पाच मिलिमीटर जाडीची नैसर्गिक रबराची चटई रोज सकाळी वापरून लगेच गुंडाळली जाते. दोन आठवड्यांत ती उघडताच आंबूस वास येतो, आणि तळहात टेकण्याच्या जागा गडद व गुळगुळीत दिसतात. अशा वेळी पुढीलप्रमाणे क्रम ठेवावा.

प्रथम चटई फरशीवर पसरून कोरड्या सुती फडक्याने धूळ व केस काढावेत. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, अधिक नाही. फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि हलक्या हाताने गोलाकार पुसत जावे. हाताच्या व पायाच्या जागा दोनदा पुसाव्यात. त्यानंतर दुसरे फडके साध्या पाण्यात पिळून तीन वेळा पुसावे व प्रत्येक वेळी पाणी बदलावे. घाईत हीच पायरी गाळली जाते. उरलेला साबण वाळल्यावर तुकतुकीत पापुद्रा बनतो आणि तळव्याला पुन्हा घाम आला की तो निसरडा होतो. बोअरवेलच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, म्हणून येथे वडी टाळलेलीच बरी.

वास तरीही उरला तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याच रीतीने पुसावे, दहा मिनिटे थांबावे व साध्या पाण्याने पुसून घ्यावे. घरगुती सल्ल्यांमध्ये व्हिनेगरचे नाव नेहमी येते. परंतु पायांचा आंबूस वास आम्लांचा असल्याने व्हिनेगर हे दुसरे आम्ल त्याला शमवत नाही. सोडा मात्र त्या आम्लांचे क्षारांत रूपांतर करतो आणि क्षार हवेत उडत नाहीत. अमोनियासारखा तिखट वास असेल तर सौम्य व्हिनेगर उपयोगी पडते. नैसर्गिक रबरावर ते वारंवार वापरू नये.

शेवटी चटईवर कोरडा टर्किश टॉवेल पसरून दोन्ही एकत्र गुंडाळावीत व गुंडाळीवर हाताने दाब द्यावा. टॉवेल बराच ओलावा ओढून घेतो. मग चटई दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकून पंखा सुरू ठेवावा. उन्हाळ्यात काही तास पुरतात. पावसाळ्यात पूर्ण एक दिवस द्यावा आणि मध्ये एकदा बाजू बदलावी. चटई वाळली की नाही हे हात लावून नीट कळत नाही. तिचा कोपरा पांढऱ्या टिपकागदात धरून दाबावा. कागदावर ओल उमटली तर ती अजून गुंडाळू नये.

चटई उन्हात वाळवण्याची सवय सोडणे अनेकांना कठीण जाते, कारण ऊन दाखवले की वस्तू शुद्ध होते अशी आपली जुनी समजूत आहे. कापसाच्या बाबतीत ती बरोबरही आहे. नैसर्गिक रबराचे रेणू मात्र अतिनील किरण, उष्णता व हवेतील ओझोन यांनी तुटतात आणि पृष्ठभागाला बारीक भेगा पडू लागतात.

## रबराचा अवशेष

पुसल्यावर फडक्यावर काळे उमटते तेव्हा तो मळ आहे की रबर, हे ठरवणे आवश्यक असते. मळ दोन-तीन वेळा पुसल्यावर संपतो. चौथे-पाचवे स्वच्छ फडकेही तितकेच काळे होत असेल, बोटाला चिकटपणा जाणवत असेल आणि चटईवरून बारीक गोळ्या निघत असतील तर रबरच विघटित होत आहे. अशी चटई धुऊन सुधारत नाही. जितकी घासावी तितकी ती अधिक सुटते. तिचा वापर थांबवणे हाच उपाय आहे.

या विघटनाला तेल फार कारणीभूत होते. नैसर्गिक रबर तेल शोषून फुगते व मऊ पडते. अंगाला खोबरेल तेल किंवा मलम लावून लगेच चटईवर बसणे, तसेच चटई सुगंधी करण्यासाठी टी-ट्री किंवा निलगिरीचे तेल शिंपडणे, हे दोन्ही यामुळेच टाळावे. स्पिरिटचा नित्य वापरही योग्य नाही. पीव्हीसीला मऊ ठेवणारी द्रव्ये त्याने काही प्रमाणात निघून जातात व चटई कडक होत जाते.

व्यायामाच्या रबरी पट्ट्यांवर कधीकधी पांढरट भुकटी दिसते व तिला बुरशी समजून पट्टे फेकून दिले जातात. पुष्कळदा हे रबराच्या आतून वर आलेले मेण किंवा गंधक असते, किंवा पट्टे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावलेली टाल्कची पूड असते. ती सर्वत्र सारखी पसरलेली असते, सहज पुसली जाते आणि तिला कुबट वास नसतो. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, तिचे ठिपके लोकरीसारखे किंवा काळपट दिसतात आणि त्यांना कुबट वास असतो. पट्टा धुताना तो थोडा ताणून प्रकाशासमोर धरावा. बारीक आडव्या भेगा दिसल्यास तो वापरू नये, कारण ताणलेला पट्टा तुटून डोळ्यावर बसू शकतो.

डंबेल किंवा रबरी चकत्या एकाच जागी ठेवल्याने फरशीवर काळे वळ उठतात. चकचकीत टाइलवरील असा डाग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने बहुधा जातो. हलका डाग पेन्सिलच्या खोडरबरानेही निघतो. संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये, त्याने दगडच झिजतो. व्हिनाइलच्या फरशीवर रबराखाली पडलेला पिवळसर-तपकिरी डाग मात्र पृष्ठभागावर नसतो. रबरातील संरक्षक रसायने व्हिनाइलच्या आत शिरून तो पडतो व कशानेही निघत नाही. तेथे रबराखाली आधीच जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी ठेवावी.

## धातूची व इतर साधने

डंबेलच्या मुठीवरील खाचांमध्ये घामाचे मीठ व त्वचेचे कण अडकतात आणि मीठ हवेतील ओल ओढून घेत असल्याने तेथूनच गंज सुरू होतो. जुना दातांचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खाचा घासाव्यात, ओल्या फडक्याने पुसाव्यात व लगेच कोरड्या कराव्यात. नंतर धातूवर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून उरलेले तेल पुसून टाकावे. ते रबरी भागावर जाऊ देऊ नये. बाकाच्या रेक्झिनला साबणाचे पाणी पुरते, पण त्याच्या शिवणीत पाणी मुरू देऊ नये. ट्रेडमिल पुसण्यापूर्वी तिची पिन काढावी आणि द्रावण यंत्रावर न फवारता फडक्यावर घ्यावे.

एकच चटई घरात अनेक जण वापरत असतील आणि त्यांपैकी कोणाला गजकर्ण किंवा पायाच्या बोटांमधील चिखल्या झाल्या असतील, तर त्या व्यक्तीची चटई त्वचा बरी होईपर्यंत वेगळी ठेवावी. केवळ साबणाने पुसल्याने बुरशीचे बीजाणू पूर्ण जातील याची खात्री नसते. जंतुनाशक वापरल्यास बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. फवारून लगेच पुसलेले जंतुनाशक फारसे काम करत नाही. कपड्यांचे ब्लीच रबराला मारक आहे, आणि ते व्हिनेगरबरोबर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. ही दोन्ही द्रावणे एकाच फडक्यावरही एकत्र येऊ देऊ नयेत.