सांधे किती वाकतात? एका मोजणीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण धानपट्ट्यातल्या कंबरदुखीविषयी बोललो. आज त्याच शेतातली एक तरुणी डोळ्यांसमोर ठेवू. समजा, ती सिंदेवाहीकडची आहे, वय बावीस. रोवणीच्या दिवसांत तिची मनगटं ठणकतात, डोक्यावर मोळी उचलताना खांदा निसटल्यासारखा होतो. लहानपणी मात्र अंगठा उलटा वळवून दाखवला की मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या.

अशा सैल सांध्यांची मोजणी फार जुनी नाही. १९६४ साली कार्टर आणि विल्किन्सन या डॉक्टरांनी मुलांच्या निखळलेल्या खुब्यांचा अभ्यास करताना काही सोप्या चाचण्या वापरल्या. १९६७ मध्ये कर्क, अॅन्सेल आणि बायवॉटर्स यांनी लवचीकपणा आणि सांधेदुखी एकत्र असणाऱ्या रुग्णांचं वर्णन करून त्या अवस्थेला नाव दिलं. मग १९७३ मध्ये पीटर बाइटन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांमध्ये सांधे मोजले. त्यांची नऊ गुणांची पट्टी आजही चालते.

ती आपण आपल्या मुलीला लावू. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे जाते, दोन्ही हातांना धरून दोन गुण. अंगठा मनगटाकडे वळून हाताला टेकतो, दोन. कोपर दहा अंशांहून जास्त उलटं वाकतं, दोन. गुडघे तसे वाकत नाहीत, शून्य. गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला लागतात, एक. एकूण सात. तरुण प्रौढांत पाच किंवा जास्त गुण म्हणजे सांधे सैल. पण आता बघा, हा आकडा सैलपणा सांगतो, आजार नाही. पट्टी गावातल्या सर्वसाधारण माणसांवर तयार झाली, आणि सात गुण असूनही काहीच न दुखणारे पुष्कळ असतात.

म्हणून दुखण्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे, त्यातही हाडं-सांधे दुखतात. तेव्हा ही रक्ततपासणी आधी. सांधा सुजला, गरम झाला, सोबत ताप आला, किंवा खांदा खरोखर निखळला, तर डॉक्टरच हवा.

हे सगळं नसेल तर इलाज स्नायूंचा. सैल अस्थिबंध व्यायामाने घट्ट होत नाहीत. सांधा धरून ठेवायचं काम स्नायूंना शिकवावं लागतं. फार दिवस पट्टा बांधून विश्रांती घेतली, तर तेच स्नायू आणखी कमजोर होतात. म्हणून भिंतीला हात टेकून, कोपर पूर्ण ताठ न करता, हलकेच ढकलायचं. दहा सेकंद धरायचं, आठ वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मोजणी निम्म्यावर आणायची. नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. फरक दिसायला महिने लागतात.

आणि काम? रोवणी सुटणार नाही. पण रोपांची पेंढी हातात धरताना मनगट सरळ ठेवता येतं, अधूनमधून बांधावर उभं राहता येतं, मोळी दोन लहान फेऱ्यांत आणता येते. अंगठा वळवून दाखवणं मात्र आता बंद.