गोदामात जाऊन बसलेला नफा

नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लिहिलेला भाग. लोकलच्या गर्दीत निम्मं ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी, आणि आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी. आजच्या गोष्टीत आकडे आहेत, पण चौथीच्या गणिताच्या पुढचे नाहीत.

सुरुवात माझ्या फजितीपासून. बीटेक झाल्यावर पहिली नोकरी लागली ती कारखान्यांना ईआरपी बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. मी मुलुंडचा. सकाळी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, आणि पुढे चालत अंधेरी एमआयडीसी. तिथल्या एका गाळ्यात पत्र्याचे इलेक्ट्रिक बॉक्स बनायचे. आमच्या सॉफ्टवेअरने जुलैचा रिपोर्ट काढला आणि मालकांचा फोन आला, "तुमच्या प्रोग्राममध्ये घोळ आहे. पावसाने विक्री पडलीय आणि हा नफा वाढलेला दाखवतोय."

मी दोन दिवस क्वेरी तपासत बसलो. जॉइन चुकलाय का, एंट्री डबल पडलीय का, सगळं पाहिलं. बग सापडेना. शेवटी तिथे आठवड्यातून दोनदा येणारे कॉस्टिंगचे काका म्हणाले, "अरे, कोड बंद कर आणि माझ्याबरोबर गोदामात चल." गोदामात छतापर्यंत बॉक्स रचलेले होते. काका म्हणाले, "तू शोधतोयस तो नफा हा इथे आहे."

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडलेला हिशोब तुम्हाला देतो. आकडे सोपे केलेत, गणित तेच आहे.

एक बॉक्स विकतो १,००० रुपयांना. पत्रा, रंग, नगावर मिळणारी मजुरी असा दर बॉक्समागे होणारा खर्च ६०० रुपये. याशिवाय कारखान्याचं भाडं आणि सुपरवायझरचा पगार हा महिन्याचा ठरलेला खर्च २ लाख. बॉक्स एक बनवा नाहीतर हजार बनवा, हे २ लाख लागतातच. यालाच फॅक्टरी ओव्हरहेड म्हणतात. ऑफिस आणि विक्रीचा खर्च वेगळा, महिना १ लाख.

जूनमध्ये १,००० बॉक्स बनले आणि १,००० विकले गेले. ओव्हरहेड वाटला तर बॉक्सला २०० रुपये, म्हणजे एका बॉक्सची किंमत पडली ८००. विक्री १० लाख, मालाचा खर्च ८ लाख, ऑफिसचा १ लाख. नफा १ लाख. इथे कुणाचंच भांडण नाही.

जुलैमध्ये पाऊस. विक्री ८०० बॉक्स. पण सुपरवायझरने जादा शिफ्ट लावून १,६०० बॉक्स बनवले. मशिन चालू राहिली पाहिजे, हे त्याचं म्हणणं. आता तेच २ लाख १,६०० बॉक्समध्ये वाटले, तर बॉक्सच्या वाट्याला येतात फक्त १२५ रुपये. बॉक्सची किंमत ८०० वरून ७२५ वर आली. विक्री ८ लाख, विकलेल्या ८०० बॉक्सचा खर्च ५ लाख ८० हजार, ऑफिसचा १ लाख. नफा १ लाख २० हजार!

विक्री २० टक्क्यांनी खाली आणि नफा २० टक्क्यांनी वर. माझा कोड बरोबर होता.

मग भाड्याचे आणि पगाराचे २ लाख गेले कुठे? निम्मे, म्हणजे १ लाख, विकलेल्या बॉक्सबरोबर खर्चात पडले. उरलेले १ लाख न विकलेल्या ८०० बॉक्सच्या किमतीत जाऊन बसले आणि ताळेबंदात 'शिल्लक माल' म्हणून मालमत्ता झाले. पैसे खिशातून गेले, पण हिशोबाच्या दृष्टीने ते अजून 'खर्च' झालेलेच नाहीत. या पद्धतीचं नाव ॲबसॉर्प्शन कॉस्टिंग. प्रत्येक नग ओव्हरहेडचा आपला वाटा शोषून घेतो आणि विकला जाईपर्यंत पोटात ठेवतो.

दुसरी पद्धत आहे मार्जिनल किंवा डायरेक्ट कॉस्टिंग. त्यात मालाच्या किमतीत फक्त ते ६०० रुपये धरायचे आणि महिन्याचे २ लाख त्याच महिन्यात पूर्ण खर्च टाकायचे. तसं केलं तर जुलैचा नफा किती? ८ लाखातून ४ लाख ८० हजार, २ लाख आणि १ लाख वजा. फक्त २० हजार. दोन उत्तरांमधला फरक बरोबर १ लाख, गोदामात बसला तेवढाच.

मी काकांना विचारलं, "मग खरं उत्तर कुठलं?" ते म्हणाले, "हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारत नाहीयेस." आणि इथून आपला इतिहास सुरू होतो.

अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे ड्युई अँड आल्मी केमिकल नावाची कंपनी होती. तिचे कंट्रोलर जोनाथन हॅरिस यांनी जानेवारी १९३६ मध्ये कॉस्ट अकाउंटंट्सच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ, 'गेल्या महिन्यात आपण कमावलं काय?' त्यातले कंपनीचे अध्यक्ष वैतागलेले आहेत, कारण विक्री वाढलीय आणि नफा घटलाय. माझ्या मालकांच्या तक्रारीचं हे आरशातलं रूप.

अध्यक्षांचं कोडं आपल्याच गाळ्यात सुटतं, आमचा ऑगस्ट बघा. विक्री उसळून १,२०० बॉक्स झाली. गोदामात ८०० पडलेले, म्हणून नवे फक्त ४०० बनवले. विक्री १२ लाख. खर्चात काय काय आलं? जुलैचे ८०० बॉक्स ५ लाख ८० हजारांचे, नव्या ४०० चा साहित्य-मजुरीचा खर्च २ लाख ४० हजार, ऑगस्टचा ओव्हरहेड २ लाख, ऑफिस १ लाख. नफा ८० हजार. जुलैपेक्षा विक्री दीडपट आणि नफा ४० हजारांनी कमी! जुलैने लपवलेला १ लाखाचा ओव्हरहेड ऑगस्टच्या डोक्यावर येऊन पडला. डायरेक्ट कॉस्टिंगने ऑगस्टचा नफा येतो १ लाख ८० हजार.

आता दोन्ही महिन्यांची बेरीज करा. पहिल्या पद्धतीने १ लाख २० हजार अधिक ८० हजार. दुसरीने २० हजार अधिक १ लाख ८० हजार. दोन्हीकडे २ लाखच. गोदाम रिकामं झालं की दोन्ही पद्धती एकाच आकड्यावर येतात. भांडण नफा किती याचं नाही, तो कुठल्या महिन्यात दाखवायचा याचं आहे. हॅरिसचा आग्रह असा होता की महिन्याचा नफा विक्रीच्या मागे चालला पाहिजे, उत्पादनाच्या मागे नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी हॅरिसचंच का नाही ऐकलं? कारण डायरेक्ट कॉस्टिंगमध्ये साठ्याची किंमत कमी दिसते, आणि साठा वाढत असेल तर नफाही कमी दिसतो. नफा कमी म्हणजे टॅक्स कमी. तिथे सरकार जागं होतं.

आपल्याकडे हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ब्रिटिश पेंट्स ही कंपनी तयार रंगाच्या साठ्याची किंमत फक्त कच्च्या मालाच्या खर्चावर लावायची, ओव्हरहेड अजिबात धरायची नाही. कंपनीचं म्हणणं होतं की रंग फार काळ टिकत नाही, आणि आम्ही वर्षानुवर्षं असाच हिशोब करतोय. १९९१ च्या रिपोर्टमध्ये छापलेल्या निकालात कोर्टाने इन्कम टॅक्स खात्याची बाजू घेतली. ज्या पद्धतीतून वर्षाचा खरा नफा दिसत नाही, ती कितीही जुनी असली तरी खात्यावर बंधनकारक नाही, असा त्याचा सारांश.

हिशोबाचे नियमही त्याच दिशेने गेले. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने १९८१ मध्ये साठ्याच्या किमतीबद्दल एएस-२ हे स्टँडर्ड काढलं, तेव्हा दोन्ही पद्धती चालत होत्या. १९९९ च्या सुधारित स्टँडर्डमध्ये डायरेक्ट कॉस्टिंगचा पर्याय गेला. प्रकाशित हिशोबात ओव्हरहेड मालावर चढवायलाच हवा.

पण त्यात एक कडी घातली. ओव्हरहेड वाटायचा तो कारखान्याच्या नेहमीच्या क्षमतेवर. आमच्या गाळ्यात ती महिना १,००० बॉक्स धरा. ऑगस्टमध्ये ४०० च बनले, म्हणून प्रत्येक बॉक्सवर ५०० रुपये चढवून साठा फुगवता येत नाही. २०० च चढतात, बाकीचे त्याच महिन्यात खर्चात जातात. ही कडी कमी उत्पादनाची चलाखी अडवते. जास्त उत्पादनाची मात्र अडवत नाही. आमच्या जुलैचे १२५ रुपये नियमात अगदी चोख बसतात. कुणी खोटी एंट्री केली नव्हती, फक्त जास्त बॉक्स बनवले होते.

आमच्या गाळ्यात याची किंमत मोजली गेली. सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह महिन्याच्या नफ्यावर ठरलेला होता. जुलैचा नफा बघून तो दिला गेला. पण कॅश? सगळे व्यवहार रोखीचे धरले तर जुलैमध्ये आत आले ८ लाख आणि बाहेर गेले १२ लाख ६० हजार. कागदावर १ लाख २० हजारांचा नफा आणि खात्यातून ४ लाख ६० हजार गायब. पत्र्यावाल्याचं बिल थकलं आणि ऑगस्टचे पगार आठ दिवस उशिरा झाले. नगावर काम करणारी पोरं, ज्यांनी ते १,६०० बॉक्स बनवले, तीच सगळ्यात जास्त अडकली. काकांनी नंतर मालकांना दोन गोष्टी करायला लावल्या. बँकेला आणि टॅक्सला जाणारा हिशोब नियमाप्रमाणे, पण घरातला महिन्याचा रिपोर्ट डायरेक्ट कॉस्टिंगने. आणि इन्सेंटिव्ह विक्रीवर. तो दुसरा रिपोर्ट मीच लिहिला.

हे तुम्हाला फोनवरही तपासता येतं. कुठल्याही लिस्टेड कारखानदार कंपनीचा तिमाही निकाल उघडा. खर्चाच्या यादीत तयार मालाच्या आणि अर्धवट मालाच्या साठ्यातल्या बदलाची एक ओळ असते. तो आकडा कंसात असेल तर साठा वाढलाय, आणि तेवढा खर्च या तिमाहीतून बाहेर काढून गोदामात ठेवलाय. ती ओळ कंसात, विक्री खाली आणि नफा वर, असं तिन्ही एकत्र दिसलं की थांबा. दिवाळीच्या आधी साठा वाढणं साहजिक आहे, म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. मग वार्षिक अहवालात धंद्यातून किती कॅश आली तो आकडा बघा. नफा येतोय आणि कॅश येत नाहीये, तर ती बहुतेक वेळा गोदामात असते, नाहीतर उधारीत.

त्या गाळ्यात आता दुसरं काहीतरी बनतं. मी अजूनही त्याच मेट्रोने जातो. एखाद्या रिपोर्टमध्ये आकडा विचित्र दिसला की आधी कोड उघडत नाही, गोदामाची चावी कुणाकडे आहे ते विचारतो.

तुमच्या घरी कुणाचा कारखाना, गाळा असेल तर गेल्या मंद महिन्यात किती नग बनले आणि किती विकले, एवढंच विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!