प्रवासी सामानावरील सीमाशुल्क

प्रवासी सामानावरील सीमाशुल्क हा परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाने सोबत आणलेल्या वस्तूंवर आकारला जाणारा आयात कर होय. बोलीभाषेत यालाच ‘कस्टम भरणे’ म्हणतात. ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तूंना करातून सूट मिळते आणि त्यापुढील किमतीवर, वस्तू कोणतीही असली तरी, एकाच सरसकट दराने शुल्क घेतले जाते. सूट देण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७९ मधून येतो व तिचा तपशील ‘सामान नियम’ या नावाच्या नियमावलीत असतो.

निःशुल्क मर्यादा

भारतीय रहिवाशासाठी ही मर्यादा २०१२ साली ३५,००० रुपये, २०१४ साली ४५,००० रुपये आणि १ एप्रिल २०१६ पासून ५०,००० रुपये झाली. नेपाळ, भूतान व म्यानमार येथून येणाऱ्यांना २०१६ च्या नियमांत केवळ १५,००० रुपयांची सूट होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये नवे नियम आले व सर्वसाधारण मर्यादा ७५,००० रुपये झाली. या लेखातील उदाहरणे मात्र २०१६ च्या नियमांनुसार मांडली आहेत.

प्रवाशाचे वापरातील कपडे व नित्याच्या वस्तू या मर्यादेत मोजल्या जात नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाचा एक लॅपटॉपही वेगळा धरला जातो. मागाहून मालवाहतुकीने येणाऱ्या सामानाला ही सर्वसाधारण सूट मिळत नाही. ती सोबतच्या सामानापुरतीच आहे.

सरसकट दर

मर्यादेवरील वस्तूंचा मूळ दर ३५ टक्के आहे. २०१८ पासून या शुल्काच्या रकमेवर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार लागतो. पस्तिसाचा दहावा हिस्सा साडेतीन, म्हणून प्रत्यक्ष भार ३८.५ टक्के होतो. त्यापूर्वी शिक्षण उपकरांसह तो ३६.०५ टक्के होता. व्यापारी आयातीत प्रत्येक वस्तूचे वर्गीकरण करून दर शोधावा लागतो. विमानतळावर शेकडो प्रवाशांच्या पिशव्यांबाबत ते शक्य नाही, म्हणून एकच दर. खेळणे असो वा घड्याळ, हिशेब एकच. मद्य व मोटारवाहने मात्र या सरसकट दराच्या बाहेर आहेत.

दूरचित्रवाणी संचाचे उदाहरण

आखातातून परतताना घरच्यांसाठी मोठ्या पडद्याचा टीव्ही आणण्याची रीत महाराष्ट्रात परिचित आहे. रुपयाची घसरण चालू असताना, २६ ऑगस्ट २०१३ पासून, सपाट पडद्याच्या टीव्हीला निःशुल्क मर्यादेतून वगळण्यात आले. २०१६ च्या नियमांतही तो परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे ज्यांना सूटच नाही अशा वस्तूंच्या यादीत होता. प्रवाशांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

समजा, हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथील एक कामगार दुबईहून मुंबईस उतरला. त्याच्याजवळ ४०,००० रुपयांचा टीव्ही व २०,००० रुपयांच्या इतर नव्या वस्तू आहेत. एकूण ६०,००० रुपये, त्यातून ५०,००० वजा, उरलेल्या १०,००० रुपयांवर ३,८५० रुपये शुल्क, असा त्याचा अंदाज असतो. तो चुकीचा आहे. टीव्हीची सगळी किंमत करपात्र असल्याने त्यावर १५,४०० रुपये होतात. इतर वस्तू मर्यादेत बसतात, पण त्यांच्या सुटीतून उरलेले ३०,००० रुपये टीव्हीसाठी वापरता येत नाहीत. अंदाजापेक्षा ११,५५० रुपये जास्त भरावे लागतात, आणि स्वस्तात घेतलेला टीव्ही गावच्या दुकानातील टीव्हीपेक्षा महाग पडण्याची शक्यता निर्माण होते.

दुसरा गैरसमज सुटी एकत्र करण्याचा. पती-पत्नी बरोबर आले आणि ७०,००० रुपयांचा एक कॅमेरा आणला, तर दोघांची मिळून एक लाखाची सूट लागू होत नाही. कॅमेरा एकाचाच धरून २०,००० रुपयांवर ७,७०० रुपये शुल्क होते. नियमांत असे एकत्रीकरण स्पष्टपणे नाकारले आहे.

घोषणा व मूल्यनिर्धारण

करपात्र वस्तू असणाऱ्याने कलम ७७ नुसार घोषणा करून रेड चॅनलने जावयाचे असते; ग्रीन चॅनल ज्यांना काही भरावयाचे नाही त्यांच्यासाठी आहे. परकीय चलनातील किंमत सीमाशुल्क विभागाने अधिसूचित केलेल्या विनिमय दराने रुपयांत बदलली जाते. खरेदीची पावती येथे उपयोगी पडते. ती नसल्यास किंवा तिच्यावरील रक्कम अविश्वसनीय वाटल्यास अधिकारी तशाच वस्तूच्या प्रचलित किमतीवरून मूल्य ठरवितो.

ग्रीन चॅनलमधून करपात्र वस्तू घेऊन जाताना आढळल्यास प्रश्न ३८.५ टक्क्यांपुरता राहत नाही. वस्तू जप्तीस पात्र ठरते, दंड होऊ शकतो, आणि ती सोडविण्यासाठी शुल्काखेरीज कलम १२५ खालील विमोचन दंडही भरावा लागू शकतो. याउलट, खरी घोषणा केलेल्या पण शुल्क भरू न इच्छिणाऱ्या प्रवाशास कलम ८० चा मार्ग आहे. त्याच्या विनंतीवरून अधिकारी वस्तू ताब्यात ठेवून पावती देऊ शकतो व प्रवासी पुन्हा परदेशी जाताना ती परत घेऊ शकतो. रजेवर काही आठवड्यांसाठीच आलेल्या कामगारास ही तरतूद सोयीची आहे, परंतु ती फारशी ठाऊक नसते.