दिवा, वस्तू, पडदा : वैभववाडीच्या भूतघराची गोष्ट

तर मंडळी, आज कोडबिड बाजूला. आज भुतं.

आमचं घर वैभववाडीजवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी. गणपतीला सगळं गोत जमतं, आणि रात्री पोरांना हवं असतं भूतघर. दोन वर्षांपूर्वी हे काम मी उत्साहात अंगावर घेतलं. रबरी मुखवटा, लाल रंग, अंगावर धावून जाणं, सगळं केलं. मोठी पोरं पाच मिनिटं किंचाळली आणि नंतर हसत सुटली. पण बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा पुढे कित्येक महिने रात्री एकटा बाथरूमला जाईना. "झिला, पोरांक घाबरवतस कित्याक?" आजीने एवढंच विचारलं, पण ते लागलं.

यंदा भाच्याने स्वतःच विचारलं, "मामा, भूतघर करणार ना?" आवाज जरा बारीकच होता. म्हटलं, करू. पण रक्त नाही, मुखवटा नाही, अंगावर येणं नाही. फक्त सावल्या आणि धुकं. पोरांना चिठ्ठ्या द्यायच्या, एका चिठ्ठीवर दोन ओळींचा प्रसंग, आणि त्यावरून त्यांनीच खोली सजवायची. आता चिठ्ठीवर लिहायचं काय? त्यासाठी थोडं मागे गेलो, आणि बरंच मागे गेलो.

सावलीला तीन गोष्टी लागतात. दिवा, वस्तू आणि पडदा. तिन्ही दिसत असतील तर तो शाळेतला विज्ञानाचा प्रयोग. यातली एक लपवली की अंगावर काटा. इतिहासात ही लपवाछपवी फार छान झालीय.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पांढरा पडदा, मागे दिवा, मध्ये बाहुली. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री जाहीर झाला. यातलं गणित साधं आहे. बाहुली पडद्याला टेकवली की तिची नक्षी रेखीव उमटते. ती दिव्याकडे मागे ओढली की सावली मोठी होते, कडा पुसट होतात आणि आकार विरघळतो. इथे प्रेक्षकाला फक्त पडदा दिसतो. पण पडदा आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो रामायणात रमतो, घाबरत नाही.

रोबेर नावाच्या माणसाने तो पडदाच लपवला. एतियेन-गास्पार रोबेर, मूळचा लिएजचा, रंगमंचावरचं नाव रॉबर्टसन. 1798 मध्ये त्याने पॅरिसमध्ये 'फँटास्मागोरी' नावाचे खेळ सुरू केले आणि 1799 मध्ये ते एका ओसाड पडलेल्या कॅपुचिन मठात नेले. लोक मठाच्या बोळांतून आत येत, दिवे मालवले जात, आणि काळोखात एक आकृती तरंगायला लागे. ती हळूहळू मोठी होत थेट अंगावर आल्यासारखी वाटे.

खरं तर अंगावर काहीच येत नव्हतं. चित्र टाकणारा कंदील पडद्यामागे होता आणि त्याला चाकं होती. कंदील पडद्यापासून मागे नेला की चित्र मोठं होतं, आणि काळोखात बसलेल्या माणसाला वाटतं ते जवळ येतंय. इथे दोन अडचणी होत्या. मागे जाताना चित्र अस्पष्ट होतं, म्हणून भिंग सरकवत राहायला लागायचं. शिवाय मोठं चित्र अंधुक होतं, आणि जवळ येणारी गोष्ट अंधुक होत गेली तर डोळ्यांना पटत नाही, म्हणून उजेडाची झडपही जुळवायला लागायची. तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडली. काचेवर आकृतीभोवतीचा सगळा भाग काळ्या रंगाने भरलेला असायचा. त्यामुळे चौकट नाही, आणि चौकट नाही म्हणजे पडदाही नाही. काही आकृत्या तर तो धुरावरच टाकत असे. एवढं करून हा गृहस्थ स्वतःला मांत्रिक नव्हे, भौतिकशास्त्राचा माणूस म्हणवायचा!

आता पुन्हा सह्याद्रीत. इथे हाच खेळ कोणीही न करता होतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून जे पाहिलं, त्याचं वर्णन 1835 मध्ये छापून आलं. कोकणातून वर आलेलं धुकं कड्यासमोर भिंतीसारखं उभं, सूर्य पाठीशी, आणि धुक्यावर त्याची स्वतःची घोड्यासकट सावली, भोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ. आपण याला इंद्रवज्र म्हणतो. यातली गंमत अशी, की प्रत्येकाला ते वर्तुळ फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. इथे दिवा पाठीमागे, वस्तू आपणच, आणि पडदा जिथे असायलाच नको तिथे. भूत बघायला गेलात तर तुम्हीच निघालात.

असो. आता आमची माजघराची खोली. दिवा म्हणून मोबाइलचा टॉर्च, त्याचा उजेड साधारण 5 मिलिमीटरच्या ठिपक्यातून येतो. पुठ्ठ्याची काठीवाली म्हातारी 30 सेंटिमीटर उंच. ती टॉर्चपासून 1 मीटरवर, आणि भिंत टॉर्चपासून 3 मीटरवर. सावली तिप्पट, म्हणजे 90 सेंटिमीटर, आणि कडेचा पुसटपणा जेमतेम 1 सेंटिमीटर. फारच रेखीव, पुठ्ठा आहे हे लगेच कळलं. मग टॉर्चपुढे 5 सेंटिमीटर रुंद बटर पेपर लावला. पुसटपणा एकदम 10 सेंटिमीटर झाला! काठी जवळजवळ नाहीशी झाली, उरला फक्त एक वाकलेला आकार. आता ती पुठ्ठ्याची राहिली नाही.

चुकाही झाल्या. ओटीवरचा दिवा चालू राहिला, तर म्हातारीला दोन सावल्या आल्या आणि पोरं खिदळली. भिंतीवर दोन सावल्या दिसल्या की समजायचं, दुसरा उजेड कुठूनतरी येतोय. धुक्यासाठी उदबत्त्या लावल्या, तर धुरात उजेडाचा पट्टाच दिसायला लागला आणि दिवा कुठे लपलाय ते सगळ्यांना कळलं. शिवाय बंद खोलीत लहान पोरं खोकायला लागली ते वेगळंच. धूर बंद केला आणि भिंतीच्या दोन हात पुढे आजीची पातळ मलमलची साडी टांगली. थोडी सावली साडीवर, उरलेली पलीकडच्या भिंतीवर जरा मोठी. धुकं झालं की!

मग चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीत तिघांपैकी एक गायब.

दिवा गायब : वीज गेलीय, घरात एकही दिवा लावलेला नाही. तरी भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली आहे.

वस्तू गायब : झोपाळा रिकामा आहे. सावलीतल्या झोपाळ्यावर कोणीतरी बसलंय.

पडदा गायब : घाटात धुकं आहे. समोर एक माणूस उभा आहे. तुम्ही हात वर केलात की तोही करतो.

नियम एकच. खेळ संपला की लपवलेली गोष्ट सगळ्यांना दाखवायची. मुखवट्याच्या वेळी मी हेच केलं नव्हतं, मुखवटा पिशवीत कोंबून जेवायला गेलो होतो.

भाच्याने तिसरी चिठ्ठी उचलली. पाठीमागे टॉर्च, पुढे साडी, मध्ये तो. बराच वेळ गप्प उभा राहिला. मग हात वर केला. समोरच्यानेही केला. हा वळला, टॉर्च बघितला, आणि जाऊन स्वतःच्या हाताने बंद केला. मग पुन्हा चालू. असं सात-आठ वेळा.

रात्री बाथरूमला एकटा गेला. टॉर्च मात्र माझाच नेला, बॅटरी संपवून आणला.