दोन रुपयांची पट्टी आणि तिच्यामागचा इतिहास

कांद्याचा भाव सगळे विचारतात, पट्टी कुणी विचारत नाही. पण घरात पैसा येतो तो पट्टीच्या शेवटच्या ओळीतून. म्हणून आज एका पट्टीचा हिशोब आणि तिच्यातली कपातीची कलमं कुठून आली, ते लिहितो.

ती पट्टी फेब्रुवारी 2023 ची, सोलापूर बाजार समितीतली. बार्शी तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्यानं सुमारे सत्तर किलोमीटरवरून दहा गोण्या कांदा नेला होता. वजन भरलं 512 किलो, भाव मिळाला किलोला 1 रुपया, म्हणजे माल झाला 512 रुपयांचा. त्यातून हमाली 40 रुपये 45 पैसे, तोलाई 24 रुपये 6 पैसे, आणि मोटारभाडं व त्यासोबतची किरकोळ रक्कम मिळून 445 रुपये. एकूण कपात 509 रुपये 51 पैसे. शिल्लक 2 रुपये 49 पैसे. चेक मिळाला 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. माल हलका होता, असं व्यापाऱ्याचं म्हणणं होतं. सगळ्या पेपरात बातमी आली, चेकचा फोटो महाराष्ट्रभर फिरला.

लोक चेकवर बोलले. मला त्या कपातीच्या कलमांवर बोलायचं आहे.

बाजार समिती येण्याआधी कपातीला काही धरबंदच नव्हता. शेतकऱ्याच्या मालातून कडता, धर्मादाय, नमुना अशा नावाखाली काही ना काही काढून घेतलं जायचं. भाव रुमालाखाली हातात हात घालून ठरायचा, मालाच्या धन्याला तो कळायचाही नाही. 1928 च्या शाही कृषी आयोगानं या कपातींवर बोट ठेवलं आणि नियंत्रित बाजार काढायची शिफारस केली. मुंबई प्रांतात 1939 साली कायदा झाला. 1947 साली लासलगावची बाजार समिती सुरू झाली. पुढं 1963 चा महाराष्ट्राचा कायदा आला. उघडा लिलाव, खरं वजन, कपात ठरल्याप्रमाणे, आणि शेतकऱ्याच्या हातात लेखी पट्टी. आज आपण पट्टीवर भांडू शकतो, कारण ती लेखी आहे.

हमालाची बाजूही सांगायला हवी. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ना ठराविक मजुरी होती, ना म्हातारपणाची सोय. 1969 चा माथाडी कायदा त्यासाठी झाला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून. त्याची मजुरी रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की ती कुणाच्या खिशातून जायची. 1980 साली चाकणला शरद जोशींनी कांद्यासाठी रस्ता अडवला, तेव्हा ते हाच हिशोब मांडत होते: खर्च वजा जाता शेतकऱ्याला उरतं काय?

मग आली अडत. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढला, की भाजीपाला-फळांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, पण निर्णय राहिला. आपण फार मोठी लढाई जिंकली असं मलाही वाटलं होतं, आणि चांगल्या भावात ते खरंही आहे. पण मंदीत काय होतं ते बघा.

अडत शेकड्यानं असते. समजा शंभराला सहा धरली. त्याच 512 किलोला दहा रुपये भाव असता तर माल 5120 रुपयांचा, अडत 307 रुपये. भाव एक रुपया झाला की अडत 31 रुपये. म्हणजे भाव पडला की अडतही खाली येते. हमाली, तोलाई, भाडं तसं करत नाही. ती गोणीवर आणि वजनावर असतात. ड्रायव्हरला डिझेल तेवढंच लागतं, हमालाची पाठ तेवढीच वाकते. म्हणून 509 रुपयांची कपात दहा रुपये भावात मालाचा दहावा हिस्सा खाते, पाच रुपयांत पाचवा हिस्सा, आणि एक रुपयात सगळा माल. 2016 च्या निर्णयानं या पट्टीत साधारण 31 रुपये वाचले. ते वाचले नसते तर शेतकऱ्यालाच वरून 28 रुपये द्यावे लागले असते. कपातीतले जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के भाड्याकडे गेले, आणि त्या भाड्याला कुठला बाजार कायदा हात लावत नाही.

हीच गोष्ट पुढच्या टोकालाही आहे. आमच्या सिन्नरकडून वाशीला जाणारी गाडी भिवंडीच्या बायपासनं जाते. माझा पुतण्या भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहतो. त्याच्या दारातल्या हातगाडीवरचा कांदा बायपासवर उतरत नाही. तो आधी वाशीच्या बाजारात जातो, तिथून टेम्पोत बसून मागे भिवंडीला येतो. दर टप्प्याला भरणी, उतरणी, भाडं, घट. हे खर्च किलोमागे ठरलेले. त्यामुळं नाक्यावर गिऱ्हाईकाचा भाव पाच रुपये उतरला, तर मधल्या कुणाचा खर्च उतरत नाही. उतरतो तो बहुतेक सगळा आपल्या भावातून.

आता जे पट्टीवर येतच नाही ते. काढणी, पात कापणी, निवड, भरणी आणि रिकामी गोणी. माझ्या वहीत मी हे गोणीला 70 रुपये धरतो: 50 मजुरी, 20 गोणी. दहा गोण्यांचे 700. बोरगावच्या पट्टीला हा आकडा लावला तर 2 रुपये 49 पैसे उरत नाहीत, 697 रुपये खिशातून जातात. रोप, खत, औषध, पाणी अजून धरलंच नाही.

यातून एक आकडा काढता येतो. कपात 509.51 अधिक 700, भागिले 512 किलो: किलोला 2 रुपये 36 पैसे. मी याला उंबरठा म्हणतो. मिळणारा भाव याच्या खाली असेल, तर माल बाजारात नेल्यानं तोटा वाढतो. शेतात मेंढरं सोडणं किंवा रोटाव्हेटर घालणं स्वस्त पडतं. भाव याच्या वर पण लागवडीच्या खर्चाखाली असेल, तर न्यावा. झालेल्या खर्चातलं काही तरी सुटतं. उंबरठा प्रत्येकाचा वेगळा. ट्रॉलीत खुला कांदा नेणाऱ्याला गोणी लागत नाही, त्याचा कमी. सत्तर किलोमीटरवर दहाच गोण्या पाठवणाऱ्याचा जास्त, कारण गाडी भरून भाडं ठरवता येत नाही.

त्या हंगामात सरकारनं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, 200 क्विंटलपर्यंत. 512 किलोला ते 1792 रुपये होतात, मूळ मालाच्या साडेतीन पट. पण त्यासाठी विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागत होती. पट्टी फेकून दिलेल्यांची अडचण झाली.

तेव्हा मंडळी, जुन्या पट्ट्या काढा. प्रत्येक कलमासमोर लिहा, हे शेकड्यानं आहे की गोणीवर. अडतीचं नाव बदलून दुसरं एखादं शेकडेवारी कलम आलंय का बघा. आलं असेल तर बाजार समितीत लेखी अर्ज द्या. मग आपला उंबरठा काढा आणि काढणीला मजूर सांगायच्या आधी त्या दिवसाच्या भावाशी लावून बघा. काढणी झाल्यावर हा हिशोब केला, तर निम्मा खर्च होऊन गेलेला असतो.