मॅटलॅबमधला फिल्टर थिअरीशी जुळत नाही? लॅबच्या मॅडमना मेसेज करताना काय लिहाल

डीएसपीच्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रकार हमखास होतो. वहीत फिल्टरची कटऑफ फ्रिक्वेन्सी काढलेली असते, मॅटलॅबमध्ये तोच फिल्टर टाकला जातो आणि ग्राफवर कटऑफ भलतीकडेच दिसते. मग रात्री मॅडमना मेसेज जातो : "मॅडम, आउटपुट चुकीचं येतंय, प्लीज हेल्प." सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. यावरून मॅडमना काहीच सांगता येत नाही, कारण त्यात ना सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सी आहे, ना कोड, ना किती फरक पडला ते.

या लेखात असाच एक नमुना मेसेज पूर्ण घेऊ, त्यातल्या आकड्यांवरून चूक कशी सापडते ते पाहू आणि चूक दुरुस्त केल्यावरही थोडा फरक का उरतो तेही समजून घेऊ.

## नमुना मेसेज

> नमस्कार मॅडम, मी टीईची विद्यार्थिनी, बॅच बी-२. डीएसपी लॅबच्या प्रयोगात थिअरी आणि सिम्युलेशन जुळत नाहीये.
>
> फिल्टर : दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ लो-पास, कटऑफ २००० हर्ट्झ, सॅम्पलिंग ८००० हर्ट्झ. अॅनालॉग फिल्टरवरून `bilinear` वापरून डिजिटल केला.
>
> अपेक्षित : २००० हर्ट्झला −३.०१ डेसिबल.
> मिळालं : २००० हर्ट्झला −५.६० डेसिबल. −३ डेसिबल साधारण १६९५ हर्ट्झलाच येतंय.
>
> ५०० हर्ट्झपर्यंत दोन्ही ग्राफ एकमेकांवर बसतात. १००० ला किंचित फरक आहे (−०.२६ आणि −०.३२), पुढे तो वाढत जातो. सॅम्पलिंग ४८००० केलं तर कटऑफ साधारण १९८९ ला येते. फॉर्म्युला दोनदा तपासला. कोड खाली देतेय. माझं कुठे चुकतंय, की हा फरक येणारच आहे?

आणि हा कोड :

```matlab
fs = 8000;  fc = 2000;
f = 0:10:3990;
[b, a] = butter(2, 2*pi*fc, 's');
Ha = freqs(b, a, 2*pi*f);
[bd, ad] = bilinear(b, a, fs);
Hd = freqz(bd, ad, f, fs);
plot(f, 20*log10(abs(Ha)), f, 20*log10(abs(Hd)))
grid on
```

मेसेज काही फार मोठा नाही, पण कामाचं सगळं त्यात आहे. फिल्टर कुठला, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, फरक कुठून सुरू होतो आणि एक गोष्ट बदलल्यावर काय झालं. शिवाय कोड मजकूर म्हणून पाठवलाय. त्यामुळे मॅडम तो कॉपी करून लगेच चालवू शकतात, फोटो बघून टाइप करत बसावं लागत नाही.

## आकडे काय सांगतात

अशा वेळी पहिला प्रश्न असा : मिळालेली कटऑफ अपेक्षित कटऑफच्या किती पट आहे? नेहमीच्या चुकांचं प्रमाण ठरलेलं असतं.

समजा `'s'` वाल्या `butter` मध्ये `2*pi` लावायचं राहिलं. मॅटलॅब तो आकडा रेडियन प्रति सेकंद समजतो आणि कटऑफ ६.२८ पटीने खाली, म्हणजे ३१८ हर्ट्झला येते. समजा थेट डिजिटल फिल्टर बनवताना `fc/(fs/2)` ऐवजी `fc/fs` लिहिलं. मग कटऑफ बरोबर निम्मी, १००० हर्ट्झ. आणि `20*log10` ऐवजी `10*log10` लिहिलं, तर फ्रिक्वेन्सी जागेवरच राहते, फक्त कटऑफला −३ ऐवजी −१.५ डेसिबल दिसतात.

आपल्या मेसेजमधलं प्रमाण १६९५ भागिले २०००, म्हणजे साधारण ०.८५. वरच्या कुठल्याच चुकीत ते बसत नाही. शिवाय सॅम्पलिंग वाढवल्यावर हेच प्रमाण ०.९९ च्या वर जातं. एककाची चूक असती तर सॅम्पलिंग वाढवून ती कमी झाली नसती. खालच्या फ्रिक्वेन्सीला ग्राफ जुळतात, वरती सुटतात आणि सॅम्पलिंग वाढवलं की फरक आटतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, की बोट बायलिनियर ट्रान्सफॉर्मकडेच जातं.

## फ्रिक्वेन्सी दाबली का जाते

अॅनालॉग फिल्टरला फ्रिक्वेन्सीची वरची मर्यादा नसते. शून्यापासून अनंतापर्यंत कुठेही त्याचा रिस्पॉन्स काढता येतो. डिजिटल फिल्टरला मात्र सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतच जागा असते. आपल्या बाबतीत ४००० हर्ट्झपर्यंत.

बायलिनियर ट्रान्सफॉर्म ती सगळी अनंत पट्टी या ४००० हर्ट्झमध्ये कोंबतो. लांबलचक सतरंजी छोट्या खोलीत अंथरल्यासारखं हे आहे. दाराजवळ ती सपाट राहते आणि पलीकडच्या भिंतीशी सगळ्या चुण्या जमा होतात. त्या चुण्यांचं सूत्र असं :

```
fd = (fs/pi) * atan(pi*fa/fs)
```

इथे `fa` म्हणजे अॅनालॉग फिल्टरमधली फ्रिक्वेन्सी आणि `fd` म्हणजे ती डिजिटलमध्ये जिथे जाऊन बसते ती जागा. `fa` मध्ये २००० आणि `fs` मध्ये ८००० टाका. कंसातली किंमत ०.७८५४, तिचा आर्कटॅन ०.६६५८ आणि `fd` साधारण १६९५ हर्ट्झ. ग्राफवर दिसली ती हीच फ्रिक्वेन्सी. `fs` मध्ये ४८००० टाकले तर १९८९ येतात. म्हणजे सिम्युलेशन बरोबरच होतं. वहीतल्या हिशोबात हे दाबलं जाणं धरलेलं नव्हतं, एवढंच.

या आकडेमोडीला मॅटलॅबही लागत नाही, मोबाइलचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. फक्त तो रेडियन मोडवर आहे ना ते बघा. डिग्री मोडवर असेल तर उत्तर भलतंच येईल आणि नवा घोळ सुरू होईल.

## दुरुस्ती एका आकड्याची

यावर उपाय म्हणजे प्रीवॉर्पिंग. डिजिटलमध्ये कटऑफ खाली सरकणारच असेल, तर आधीच हिशोब करून ती वर सरकवून ठेवायची. मॅटलॅबमध्ये `bilinear` ला चौथा आकडा दिला की हे काम होतं :

```matlab
[bd, ad] = bilinear(b, a, fs, fc);
```

हा आकडा हर्ट्झमध्येच द्यायचा, `2*pi` न लावता. आता २००० हर्ट्झला बरोबर −३.०१ डेसिबल येतात.

पडताळणीसाठी `butter(2, fc/(fs/2))` चालवा. हा प्रकार थेट डिजिटल फिल्टर देतो आणि प्रीवॉर्पिंग आतल्या आत स्वतःच करतो. दोन्हीकडे `bd` साधारण ०.२९२९, ०.५८५८, ०.२९२९ आणि `ad` साधारण १, ०, ०.१७१६ असं आलं पाहिजे. मधल्या शून्याच्या जागी कधी अगदी सूक्ष्म आकडा दिसतो. ती कॉम्प्युटरच्या आकडेमोडीतली राउंडिंग असते, त्याच्या मागे लागू नका.

घरी मॅटलॅब नसल्यामुळे ऑक्टेव्ह वापरत असाल तर एक सावधगिरी. त्याच्या सिग्नल पॅकेजमधल्या `bilinear` ला सॅम्पलिंग फ्रिक्वेन्सी नाही, सॅम्पलिंगचा काळ लागतो, म्हणजे `1/fs`. मॅटलॅबची ओळ तशीच चिकटवली तर ग्राफ पार बिघडतो. त्यामुळे मेसेजमध्ये सॉफ्टवेअर कुठलं तेही लिहा.

## तरीही फरक उरतो

इथेच बरेच जण पुन्हा अडकतात. कटऑफ जुळली, पण ग्राफ अजून एकमेकांवर बसत नाहीत. ३५०० हर्ट्झला बघा : थिअरीचा अॅनालॉग फिल्टर −१०.२ डेसिबल देतो, तर दुरुस्त केलेला डिजिटल फिल्टर −२८.१. १००० हर्ट्झला थिअरी −०.२६ आणि डिजिटल −०.१३. म्हणजे तिथला फरक दुरुस्तीनंतर उलट थोडा वाढलाच.

हे चुकलेलं नाही. प्रीवॉर्पिंग फक्त एकच फ्रिक्वेन्सी जागेवर खिळवून ठेवतं, बाकीच्या चुण्या तशाच राहतात. ४००० हर्ट्झला अॅनालॉगची 'अनंत' फ्रिक्वेन्सी येऊन बसते आणि लो-पास फिल्टर तिथे शून्य आउटपुट देतो. त्यामुळे डेसिबलमध्ये ग्राफ खोल खाली कोसळतो. कोडमध्ये `f` ३९९० ला थांबवलंय ते याचसाठी.

सगळीकडे अॅनालॉगसारखाच रिस्पॉन्स हवा असेल तर सॅम्पलिंग कटऑफच्या मानाने बरंच जास्त ठेवावं लागतं. ४८००० वर प्रीवॉर्पिंगशिवायही कटऑफमधला फरक ११ हर्ट्झच्या आसपास राहतो. पण फक्त २००० च्या वरचं कापायचं असेल, तर हा जास्तीचा उतार फायद्याचाच आहे.

## जर्नलमध्ये काय लिहायचं

ग्राफ जुळावा म्हणून वाचनं बदलू नका. 'थिअरी आणि सिम्युलेशन जुळले' असं लिहून खाली न जुळणारा ग्राफ चिकटवला, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो. निष्कर्षात तीन वाक्यं पुरतात : प्रीवॉर्पिंगशिवाय कटऑफ १६९५ हर्ट्झला आली आणि सूत्रानेही तेच उत्तर दिलं. प्रीवॉर्पिंगनंतर ती २००० ला आली. कटऑफ सोडून इतरत्र उरलेला फरक बायलिनियर ट्रान्सफॉर्ममुळे आहे.

आणि मॅडमना उलट उत्तर पाठवायला विसरू नका : "मॅडम, `bilinear` मध्ये चौथा आकडा `fc` दिला, आता २००० ला −३.०१ येतंय. ३५०० ला अजून १८ डेसिबलचा फरक आहे, तो वॉर्पिंगमुळेच ना?" या मेसेजला मॅडम 'हो' एवढ्या एका शब्दात उत्तर देऊ शकतात.