तळटीप : ‘आबा’ की ‘आंबा’?

‘आ[ं]बा उतरला’ : आजोबांचे हे पत्र मोडीत आहे. मोडीत अनुस्वार बरेचदा गाळला जाई. त्यात घडीवरची शाई उडालेली. तिरप्या उजेडात धरूनही टिंब दिसले नाही. म्हणून आधी ‘आबा उतरला’, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ बोटीतून उतरले, असे टाइप केले होते. पण आजोबा थोरल्या भावाला एकेरी लिहीत नसत. इतर पत्रांत सगळीकडे ‘आबा आले’ असेच आहे. शिवाय पुढच्याच ओळीत ‘चार पेट्या बंदरावर’ आहेत, आणि महिना वैशाख. तेव्हा झाडावरून आंबाच उतरला. चौकटी कंसातले टिंब आमचे आहे. ‘उतरला’च्या पुढची तीन अक्षरे लागली नाहीत, तिथे टिंबेच ठेवली आहेत. मूळ पत्राचे छायाचित्र समोरच्या पानावर आहे. घरात कुणाला ती अक्षरे लागली, तर जरूर कळवावे.